रात्रपाळीचा ‘दिवस’ कोणता? कारखाना कायद्यातील कलम ५७

१/
शनिवारी रात्री दहा वाजता कारखान्यात शिरलेला कामगार रविवारी सकाळी बाहेर पडतो. त्याने काम केले ते शनिवारी की रविवारी? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर कामगाराची सुट्टी आणि जादा कामाचा मोबदला ही दोन्ही ठरत. या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर स्वातंत्र्यानंतरच्या कारखाना कायद्यातील एका छोट्या कलमात होते.

२/
आधी पार्श्वभूमी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही गिरणी कामगारांची प्रमुख मागणी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टीला स्थान मिळाले. तेव्हा गिरण्या मुख्यतः दिवसाच्या उजेडात चालत, त्यामुळे ‘रविवार’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काम रात्रीत शिरले.

३/
१९४८ च्या कारखाना कायद्याने ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासूनचे २४ तास आणि ‘आठवडा’ म्हणजे शनिवारच्या मध्यरात्रीपासूनचे सात दिवस अशी व्याख्या केली. कलम ५९ नुसार दिवसात ९ तासांपेक्षा किंवा आठवड्यात ४८ तासांपेक्षा अधिक काम झाल्यास वरच्या तासांना दुप्पट दर लागू झाला. म्हणजे एकाच पाळीत साधा आणि दुप्पट असे दोन दर येऊ शकत. मग दिवसाची सीमा नेमकी कोठे आखायची, हा पैशाचा प्रश्न झाला.

४/
एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. कामगाराची पाळी सोमवार ते शनिवार, रात्री १० ते सकाळी ६. मध्ये २ ते २.३० विश्रांती. म्हणजे रोज साडेसात तास काम आणि आठवड्याचे ४५ तास. शनिवारच्या रात्री बदली कामगार आला नाही, म्हणून त्याला रविवारी सकाळी ८.३० पर्यंत थांबवले. त्या पाळीचे काम १० तास झाले. आठवड्याची बेरीज ४७.५ तास, म्हणजे ४८ ची मर्यादा ओलांडली गेली नाही. दर ताशी ६० रुपये मानू.

५/
प्रथम केवळ कॅलेंडरने मोजले तर काय होते? शनिवारच्या खात्यात शुक्रवारच्या पाळीचे पहाटेपर्यंतचे साडेपाच तास आणि रात्री १० ते १२ चे दोन तास, असे साडेसात तास येतात. रविवारच्या खात्यात आठ तास. दोन्ही आकडे नऊच्या आत आहेत. सलग दहा तास राबूनही जादा काम शून्य, आणि मजुरी ६०० रुपये. मध्यरात्रीने पाळीचे दोन तुकडे केले आणि दुप्पट दर त्या फटीत नाहीसा झाला.

६/
कलम ५७ ने ही फट बुजवली. पाळी मध्यरात्रीपलीकडे जात असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा ‘दिवस’ पाळी संपल्यापासून २४ तासांचा धरायचा. या नियमाने वरचे दहाही तास शनिवारचे ठरतात. पहिल्या नऊ तासांचे ५४० रुपये आणि दहाव्या तासाचे दुप्पट दराने १२० रुपये, एकूण ६६० रुपये.

७/
मात्र हाच नियम दुसऱ्या बाजूने कामगाराचा एक दावा काढून घेत असे. रविवारच्या पहाटेचे तास शनिवारचे ठरल्यामुळे ‘मी सुट्टीच्या दिवशी काम केले’ असे त्याला म्हणता येत नसे. त्याची सुट्टी रविवारी सकाळी ८.३० ला सुरू होऊन सोमवारी सकाळी ८.३० पर्यंत चालते. सुट्टी पूर्ण २४ तासांची मिळते, फक्त सरकून.

८/
पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशी ती अखंड मोजायची, ही एक पद्धत झाली. दुसरी पद्धत केंद्र सरकारच्या रात्र कर्तव्य भत्त्यात दिसते. १३ जुलै २०२० च्या आदेशानुसार रात्री १० ते सकाळी ६ मधील प्रत्येक तासाला १० मिनिटांचा भार दिला जातो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २०० ने भागून ताशी दर निघतो. हा भत्ता ४३,६०० रुपयांपर्यंत मूळ वेतन असणाऱ्यांपुरता आहे. संध्याकाळी ६ ते रात्री २ अशी पाळी असेल, तर रात्रीचे चारच तास धरले जातात. त्यांचा भार ४० मिनिटे. बेरीज ३६,००० रुपये असल्यास ताशी दर १८० आणि त्या रात्रीचा भत्ता १२० रुपये. येथे पाळी घड्याळाने कापली जाते आणि मध्यरात्रीला काहीच अर्थ उरत नाही.

९/
म्हणून जुना हजेरीपट वाचताना केवळ तारखेखालचे तास पाहणे पुरेसे नसते. पाळी सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दोन्ही पाहाव्या लागतात. रात्रपाळीवाल्याच्या नावापुढे एका तारखेला दोन तास आणि दुसऱ्या तारखेला आठ तास लिहिलेले आढळले, तर त्याची पाळी मध्यरात्री तोडलेली आहे. दुप्पट दराचा हिशेब तेथूनच पुन्हा मांडावा लागतो.