सॅलन-की फिल्टरचे घटक कसे निवडावेत

१. लेखकाने येथे सॅलन आणि की यांची १९५५ची रचना घेतली आहे. ऑप-अँपचा गेन १ आहे आणि दोन्ही रेझिस्टर सारखे (R) आहेत. C1 आउटपुटकडून मागे जोडलेला आहे, C2 ग्राउंडला. अशा वेळी

Q = ½√(C1/C2), fc = 1/(2πR√(C1C2))

म्हणून आधी कपॅसिटरांच्या गुणोत्तराने डॅम्पिंग ठरवावे, मग R निवडून कटऑफ. बटरवर्थसाठी Q ०.७०७ हवा, म्हणजे C1 हा C2च्या दुप्पट. C2 १० नॅनोफॅरड असेल, तर C1साठी तसेच दोन समांतर जोडावेत. १ किलोहर्ट्झ कटऑफसाठी R सुमारे ११.३ किलोओहम येतो. कटऑफला आउटपुट इनपुटच्या Q पट असते. तेथे ७१ऐवजी ३५ टक्केच मिळाले, तर C1 आणि C2 यांची अदलाबदल झाली आहे का, ते आधी पाहावे. — संपादक