शैली आणि भाववृत्ती : एकाच छायाचित्राची दोन रूपांतरे

एकच छायाचित्र आधी दृक्‌प्रत्ययवादी फटकाऱ्यांत आणि मग रंगभारवादी रंगांत पुन्हा रंगवून दोन्ही शैलींचा भाववृत्तीवरील परिणाम तपासणारा कलाशिक्षणातील पाठ. विषय, मांडणी आणि चौकट तीच राहत असल्याने चित्राचा भाव बदलला, तर त्याचे कारण हाताळणीतच शोधावे लागते.

या पाठासाठी लंडनची थेम्स नदी सर्वांत सोयीची, कारण कलेच्या इतिहासात हा प्रयोग तिथे जवळजवळ आपोआप घडला. क्लोद मोनेने 1899 ते 1901 या काळात सॅव्हॉय हॉटेलातून चेरिंग क्रॉस पूल धुक्यात रंगवला. ही चित्रे 1904 मध्ये पॅरिसला मांडली गेली आणि गाजली. ते यश पाहून चित्रविक्रेता आंब्रवाज व्होलार याने तरुण आंद्रे दरँला 1906 मध्ये लंडनला धाडले. नदी तीच, पूल तोच. पण दरँच्या चित्रांत पाणी पिवळे-हिरवे आणि आकाश गुलाबी-नारिंगी झाले.

समजा, छायाचित्र हिवाळी सकाळचे आहे : खाली गडद पडाव, मध्ये लोखंडी पूल, मागे करडे आकाश. आधी त्याची कृष्णधवल प्रत काढून गडद, मध्यम आणि उजळ असे तीन टोन ठरवून घ्यावेत. पुढची सगळी तुलना या प्रतीवर उभी राहते.

पहिल्या रूपात काळा रंग वापरायचा नाही. सावली निळ्या-जांभळ्याने बांधायची. फटकारे आखूड आणि शेजारीशेजारी ठेवायचे, एकमेकांत कालवायचे नाहीत. पाण्यावर ते आडवे, आकाशात रुंद आणि सैल. मुख्य काम पुलाचे : त्याचा टोन उजळवून आकाशाच्या जवळ आणायचा आणि कडा विरघळू द्यायच्या. मोनेच्या 1872 च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रात नारिंगी सूर्य आणि भोवतालचे करडे आकाश यांचा उजळपणा इतका सारखा आहे की कृष्णधवल प्रतीत सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. डोळ्याला रंग दिसतो, पण उजेडाचा फरक सापडत नाही. सूर्य थरथरल्यासारखा वाटतो तो यामुळे. आपल्या चित्रातही पूल असाच मागे सरकतो, हवा जाणवू लागते आणि पाहणाऱ्याला ‘किती वाजले असतील?’ असा प्रश्न पडतो.

दुसऱ्या रूपात रंग वस्तूपासून सोडवायचा, टोनचा क्रम मात्र सोडायचा नाही. सर्वांत उजळ पाण्याला पिवळा, कारण भडक असूनही उजळ राहणारा रंग तोच; पुलाला मध्यम हिरवा; पडावाला गडद निळा आणि कडेला लाल रेघ. रंग सपाट, मोठ्या पट्ट्यांत. मधून कागदाचा पांढरा भाग उघडा. रंग इतके मनमानी असूनही पूल पूलच वाटतो, तो टोनच्या आधारामुळे. धुके मात्र गेलेले असते. सकाळ आहे की दुपार हे आता सांगता येत नाही आणि तो प्रश्न पडतही नाही. शहर उत्साहाने अंगावर येते.

चूक कुठे झाली हे कृष्णधवल प्रत पुन्हा काढून कळते. दुसऱ्या रूपाची प्रत मूळ प्रतीशी जुळत नसेल आणि पडाव पाण्यात हरवला असेल, तर रंग धीट असूनही चित्र विस्कटलेले दिसते. याहून नेहमीची चूक म्हणजे संगणकावर रंगांची तीव्रता वाढवून त्यालाच रंगभारवाद समजणे. त्याने करडे आकाश फार तर निळसर होते, नारिंगी होत नाही. रंगांचे आपसातले नाते जसेच्या तसे राहते. तयार फिल्टरही पाणी, लोखंड आणि आकाश या सगळ्यांवर एकाच जातीचा फटकारा उमटवतात. दृक्‌प्रत्ययवादातले निरीक्षण तिथेच हरवते.

पाठाचा सर्वांत बोलका भाग अदलाबदलीचा. भडक लाल आणि हिरवा बारीक फटकाऱ्यांत शेजारी ठेवले, तर दुरून ते मिसळून मातकट दिसतात आणि उत्साह मावळतो. उलट धुक्याचे करडे रंग सपाट पट्ट्यांत भरले, तर चित्र शांत राहते, पण हवा उरत नाही. म्हणजे रंगभारवादी चित्राच्या जोमात रंगाइतकाच पट्टीच्या आकाराचा वाटा आहे.

प्रत्यक्ष इतिहासात ही विभागणी इतकी स्वच्छ नव्हती. 1905 च्या उन्हाळ्यात कोलिऊर इथे मातीस आणि दरँ यांनी रंगवलेल्या चित्रांत सुटे ठिपकेवजा फटकारे पुष्कळ आहेत. ते सिन्याकच्या पद्धतीतून आले होते. त्याच वर्षीच्या शरद-प्रदर्शनात समीक्षक लुई व्होसेलने या मंडळींना ‘फॉव्ह’, म्हणजे रानटी श्वापदे, म्हटले, तेव्हा काही कॅनव्हासांवर ते ठिपके होतेच. दरँच्या थेम्सवरच्या काही चित्रांतही पाणी तुटक ठिपक्यांचे आणि पूल सपाट रंगाचा, अशा दोन्ही रीती एकाच कॅनव्हासवर दिसतात.