धनेशाची ढोली : लिंपलेले घरटे (रत्नागिरी जिल्हा)

धनेश कुळातील मादी वीण हंगामात मोठ्या झाडाच्या नैसर्गिक ढोलीत शिरते, आतून लिंपण घालून ढोलीचे तोंड बंद करते आणि चोच मावेल एवढी उभी फट तेवढी मोकळी ठेवते. अंडी उबवणे, पिसे गाळणे आणि पिल्लाचे पहिले आठवडे हे सारे त्या आतच होते. तेवढा काळ नर बाहेरून फटीतून अन्न भरवतो. जगातील जवळजवळ सर्व धनेश असेच घरटे करतात. आफ्रिकेत जमिनीवर वावरणाऱ्या दोन जाती मात्र ढोलीचे तोंड बंद करत नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यात महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश या दोन मोठ्या जाती आहेत, तसेच लहान चणीचे राखी धनेशही आहेत. कोकणात मोठ्या धनेशांना गरुड, माडगरुड किंवा ककणेर म्हणतात. खऱ्या गरुडाशी यांचा संबंध नाही, पण पंखांचा घोंघावणारा आवाज दूरवरून ऐकलेल्याला हे नाव का पडले असेल ते कळते. या नोंदीत मुख्यतः महाधनेशाचा विचार केला आहे. तो सुमारे एक मीटर लांबीचा आणि दोन ते चार किलो वजनाचा पक्षी असून त्याची मोठी पिवळी चोच व तिच्यावरचे शिरस्त्राण लांबूनही ओळखू येते. नराचे डोळे लाल, तर मादीचे पांढुरके असतात. नर आणि मादी ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

ढोली. धनेशाला ढोली कोरता येत नाही. चोच दिसायला अवजड असली तरी शिरस्त्राण आतून बरेचसे पोकळ असते, आणि सुताराप्रमाणे लाकूड फोडण्यासाठी ती घडलेली नाही. त्यामुळे फांदी मोडून पडलेल्या जागी पाणी मुरून, बुरशीने गाभा कुजून जी पोकळी तयार होते तिच्यावरच धनेश अवलंबून राहतो. महाधनेशाची मादी आत मावेल, उबवेल आणि पिल्लासह राहील एवढी पोकळी तयार व्हायला झाड फार जुने आणि जाड बुंध्याचे असावे लागते. संगमेश्वर तालुक्यातील डोंगरउतारांवर आणि देवरायांमध्ये अशी ढोली बेहडा व आंबा यांसारख्या झाडांत मिळते. चांगली ढोली वर्षानुवर्षे वापरली जाते.

ढोलीचा तळ किती खोल आहे याला फार महत्त्व आहे. मादीला आत बसून फटीपर्यंत चोच पोचवता आली पाहिजे. गाभा कुजत गेला की तळ वर्षागणिक खाली जातो आणि एके दिवशी तोंड उंचावर राहते. मग बाहेरून सुरेख दिसणारी ढोली निकामी ठरते. थायलंडमधील खाओ याई राष्ट्रीय उद्यानात पिलाई पूनस्वाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे खचलेले तळ माती घालून उचलले, आणि ढोलींची अरुंद झालेली तोंडे रुंद केली. अशा ढोलींत धनेश पुन्हा नांदू लागले. जोडी ढोलीशी येऊन पाहणी करते पण आत बसत नाही असे दिसले, तर त्रासाचे मूळ तळात असू शकते. झाड तोडायला मात्र ते कारण होत नाही.

लिंपण. नर मादीला कोंडतो अशी समजूत बरीच जुनी आहे, आणि ती चुकीची आहे. महाधनेशात लिंपणाचे काम मादी स्वतः आतून करते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काही दिवस ती ढोलीत ये-जा करते, आतला कुजका भुगा उकरते आणि मग आतच राहते. तिची विष्ठा, फळांचा गर आणि लाकडाचा कुजका चुरा हे लिंपणाचे साहित्य. चोचीच्या सपाट बाजूने ती हा लगदा तोंडाच्या कडांवर थापते, दाबते आणि पुन्हा थर देते. नर या काळात तिला फळे पुरवतो, आणि त्याच फळांचा गर व बिया लिंपणात जातात. काही जातींत नर मातीचे गोळेही आणून देतो. काही दिवसांत भिंत तयार होते आणि वाळल्यावर इतकी टणक बनते की ती उघडायला मादीलाही चोचीने बराच वेळ घाव घालावे लागतात.

फट उभी असते. चोचीचे टोक आत-बाहेर करायला तिचा आकार सोयीचा पडतोच, शिवाय तिच्यातून हवाही खेळते. आतली गरम हवा फटीच्या वरच्या भागातून बाहेर पडते आणि खालच्या भागातून गार हवा आत येते. फेब्रुवारी ते मे हा कोकणातला तापलेला काळ, त्यामुळे हे लहानसे वायुवीजन पिल्लाच्या जिवाशी जोडलेले आहे.

भिंत कशासाठी, याचे एकच उत्तर देता येत नाही. सापासारख्या आणि झाडावर चढणाऱ्या शिकारी प्राण्यांपासून संरक्षण हे कारण उघड दिसते. मात्र ढोली कमी आणि मागणारे बरेच, म्हणून दुसऱ्या धनेश जोड्यांना आत येऊ न देणे हेही तितकेच महत्त्वाचे असावे. ढोलीजवळ परका धनेश रेंगाळताना दिसणे ही नवलाची गोष्ट नाही.

आतले दिवस. आत गेल्यावर मादी एक किंवा दोन अंडी घालते. उबवण्याचा काळ 38 ते 40 दिवसांचा असतो. याच काळात ती पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे जवळजवळ एकदम गाळते, म्हणजे काही आठवडे तिला उडताच येत नाही. उघड्यावर हा प्रकार तिच्या जिवावर बेतला असता. भिंतीआड तो निभावतो आणि बाहेर पडायच्या वेळेपर्यंत नवी पिसे पूर्ण वाढतात. पिल्लू जन्मतः उघडे, गुलाबी आणि आंधळे असते.

ढोली स्वच्छ ठेवण्याची पद्धत मला या साऱ्या व्यवहारात सर्वांत विलक्षण वाटते. मादी फटीकडे पाठ करून विष्ठा जोराने बाहेर फेकते, आणि पिल्लूही पुढे तसेच करू लागते. फळांच्या बियाही फटीतून खाली पडतात. म्हणून चालू घरट्याच्या झाडाखाली ताज्या बियांचा, विष्ठेचा आणि सालपटांचा पट्टा दिसतो, आणि जुन्या घरट्याखाली धनेशाच्या खाद्यवृक्षांची रोपे उगवलेली असतात. वर न चढता, खाली पडलेल्या बिया पाहून आत काय चालले आहे याचा अंदाज येतो. बिया ताज्या असतील तर पुरवठा चालू आहे, आणि त्या वाळून जुन्या झाल्या असतील तर काळजीचे कारण आहे.

नराची फेरी. नर गळ्यात साठवून फळे आणतो. ढोलीच्या तोंडाशी बुंध्याला धरून बसतो, मान झटकून एक फळ चोचीच्या टोकाशी आणतो आणि आतून पुढे आलेल्या चोचीत देतो. मग दुसरे, मग तिसरे. एका फेरीत डझनावारी लहान उंबरे अशी एकेक करून आत जातात. वड, पिंपळ, उंबर या जातीची फळे हा आहाराचा कणा आहे. अण्णामलाईच्या डोंगरांत रघुपती कन्नन आणि डग्लस जेम्स यांनी महाधनेशाच्या घरट्यांचा अभ्यास करून 1997 मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यातही नराने आणलेल्या फळांत उंबरवर्गीय फळांचाच वाटा मोठा होता. रानजायफळासारखी स्निग्ध गराची फळेही त्याला लागतात. कवड्या धनेश काजऱ्याची फळेही खातो. काजऱ्याची बी विषारी असते, पण ती तो न फोडता टाकून देतो. पिल्लू जन्मल्यावर सरडे, उंदीर, लहान पक्षी आणि मोठे किडे असा मांसाहारही वाढतो, कारण वाढीला प्रथिने लागतात.

या व्यवस्थेत सारा भार एका पक्ष्यावर येतो. नर मारला गेला किंवा दिवसेंदिवस येऊ शकला नाही, तर पिसे गाळलेली मादी भिंत फोडूनही उडू शकत नाही. उंबरांचा बहर चुकला तरी तोच धोका. माणसाचा वावरही असाच नडतो. नर फळे घेऊन येतो आणि झाडाखाली कोणी उभे दिसले तर शेजारच्या झाडावर थांबून राहतो, कधी न भरवताच निघून जातो. फटीसमोर तासभर कॅमेरा लावून बसणाऱ्याने आतल्या दोघांचे जेवण तासभर लांबवलेले असते.

बाहेर पडणे. महाधनेशाची मादी पिल्लाबरोबर शेवटपर्यंत आत राहत नाही. पिल्लू काही आठवड्यांचे झाले आणि तिची पिसे भरली की ती भिंत फोडून बाहेर येते. त्यानंतर पिल्लू आतून फट पुन्हा लिंपून घेते, तेही न शिकवता, आणि पुढे दोघेही आईबाप त्याला भरवतात. मलबारी राखी धनेशात असे होत नाही. तिथे मादी पिल्लांबरोबरच बाहेर पडते. महाधनेशाच्या घरट्याचे सारे चक्र साधारण चार महिने चालते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी, आंबे संपता संपता, रत्नागिरीच्या रानात नवे पिल्लू उडताना दिसू शकते.

रत्नागिरीतील स्थिती. या जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन फारच थोडी आहे. रान बहुतांशी खाजगी मालकीचे किंवा देवराईचे. झाडतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसापर्यंत चालतो, म्हणजे मादी आत बसलेली असते तो काळ बरोबर यातच येतो. ढोलीचे झाड पोकळ असल्याने इमारती लाकूड म्हणून त्याला किंमत नसते, पण जळणासाठी ते तोडले जाते. तोडल्यावर मादी, अंडी आणि पुढच्या अनेक वर्षांची ढोली एकाच दिवशी जाते. वणव्याचेही तसेच, कारण ढोलीतला कुजका भुगा लगेच पेट घेतो.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर तालुक्यात देवरायांच्या आणि खाजगी रानांच्या मालकांबरोबर दीर्घकाळ काम केले आहे. सह्याद्रीतील जुन्या बेहड्यांची फळे टिकाऊ पद्धतीने गोळा करून विकायची, म्हणजे झाड उभे ठेवण्यातच मालकाला उत्पन्न दिसेल, ही त्यांची रीत. फळे हिवाळ्यात गोळा होतात, त्यामुळे मादी ढोलीत असताना झाडावर फारशी वर्दळ राहत नाही. देवरुखची सह्याद्री संकल्प सोसायटी धनेशांच्या घरट्यांवर लक्ष ठेवते आणि त्यांच्या खाद्यवृक्षांची रोपे तयार करते. एका ढोलीचे रक्षण करताना नराच्या फेरीच्या टप्प्यात उंबर, वड, रानजायफळ उभे आहेत का, हेही पाहावे लागते.

महाधनेश जागतिक पातळीवर 2018 पासून असुरक्षित गटात नोंदला गेला आहे आणि भारतीय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. मराठी मुलखाशी त्याचा एक जुना धागा मुंबईत आहे. कारवारहून आलेले महाधनेशाचे एक पिल्लू बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत 1894 ते 1920 पर्यंत राहिले. त्याचे नाव विल्यम. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेश आहे.