अर्ध्या श्लोकाचा शोध

आमचा बदलापूर लोकलचा एक ग्रुप आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, आणि मोबाइलवर सकाळी सहापासून सुप्रभात. गेल्या महिन्यात त्यावर एक मेसेज आला, तुम्हालाही कधीतरी आलाच असेल. "अहिंसा परमो धर्मः हे अर्धंच वाक्य आहे. पूर्ण श्लोक असा: अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च. अहिंसा हा श्रेष्ठ धर्म, आणि धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच श्रेष्ठ. गांधीजींनी आपल्याला अर्धाच सांगितला." खाली कुणी "गीता" लिहितं, कुणी "महाभारत". अंबरनाथला चढणाऱ्या एका काकांनी तो पाठवला होता आणि उल्हासनगर यायच्या आत त्यावर बारा हात जोडलेले होते.

माझा विषय विज्ञानाचा, संस्कृत शाळेपुरतंच. पण "अमुक गोष्ट तिथे नाही" हे सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत रोजचा आहे. त्याचं उत्तर असं, की शोधायची जागा मोजकी आणि ठरलेली असेल तरच "नाही" म्हणता येतं. इथे ती तशी आहे.

हा प्रकार काही आपलाच नाही. "जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो" हे वाक्य बायबलमधलं आहे असं कितीतरी ख्रिस्ती लोकही मानतात. बायबलमध्ये ते नाही. त्याचं मूळ इसापच्या गोष्टीत सापडतं: गाडी चिखलात रुतते, गाडीवान हेराक्लीसचा धावा करत बसतो, आणि देव म्हणतो, आधी चाकाला खांदा लाव. इंग्रजीतलं नेमकं वाक्य आल्जर्नन सिडनीच्या 1698 साली छापलेल्या ग्रंथात आहे आणि बेंजामिन फ्रँकलिनने 1736 च्या आपल्या पंचांगात जवळपास तसंच घेतलं. पण ते वाक्य कुठल्या पुस्तकातलं याने त्याचा अर्थ फारसा बदलत नाही. आपल्या श्लोकाचं तसं नाही. तिथे जोडलेला तुकडा पहिल्या तुकड्याला उलटा फिरवतो.

आधी गीता बघू. सातशे श्लोक, एका संध्याकाळचं काम. "अहिंसा" हा शब्द गीतेत चार वेळा येतो, दहाव्या, तेराव्या, सोळाव्या आणि सतराव्या अध्यायात, आणि दर वेळी सद्गुणांच्या यादीत. "अहिंसा परमो धर्मः" गीतेत नाहीच, अर्धंही नाही.

महाभारत मोठं आहे, पण तिथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने आपलं काम सोपं करून ठेवलंय. 1919 साली त्यांनी चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते 1966 साली पुरं झालं. देशभरातल्या वेगवेगळ्या लिप्यांमधल्या हजाराहून जास्त हस्तलिखितांची ओळीओळीने तुलना करून, सगळीकडून आधार मिळेल तो पाठ वर आणि बाकीचे पाठभेद खाली तळटिपांत, अशी तिची रचना आहे. विष्णु सीताराम सुकथनकर 1925 पासून 1943 मध्ये वारले तोवर तिचे प्रमुख संपादक होते. आज ती संहिता संगणकावरही शोधता येते.

शोधताना मी पहिल्यांदा चुकलो, ते सांगतो. विसर्गासकट "धर्मः" टाकलं, तर एक महत्त्वाची जागा निसटली. संस्कृतात पुढचा शब्द बघून विसर्ग बदलतो, पुढे "त" आला की "धर्मः" चं "धर्मस्" होतं. शेवटचं अक्षर सोडून "अहिंसा परमो धर्म" एवढंच शोधलं की मग तीन ठळक जागा मिळतात.

पहिली आदिपर्वात. रुरूच्या बायकोला साप चावतो, तेव्हापासून तो दिसेल तो साप मारत सुटतो. एकदा तो एका बिनविषारी सापावर काठी उगारतो, आणि साप बोलू लागतो. तो शापित ऋषी असतो. अहिंसा हा श्रेष्ठ धर्म, हे तो सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की दंड धारण करणं, उग्र होणं, प्रजेचं रक्षण करणं हे क्षत्रियाचं काम, तुझ्यासारख्या ब्राह्मणाचं नाही.

दुसरी वनपर्वात. मिथिलेतला मांस विकणारा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो, की अहिंसा श्रेष्ठ आहे आणि ती सत्यावर उभी आहे. हाच व्याध पुढे म्हणतो, नांगर चालवला तरी जीव मरतात, चाललं तरी मरतात, पूर्ण अहिंसक कुणीच नाही.

तिसरी अनुशासनपर्वात. शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला मांस न खाण्याबद्दल सांगताना अहिंसेला श्रेष्ठ धर्म, श्रेष्ठ संयम, श्रेष्ठ दान, श्रेष्ठ तप असं म्हणत जातात.

तिन्ही ठिकाणी "परमो धर्मः" नंतरची जागा भरलेली आहे, आणि वेगवेगळ्या शब्दांनी. "धर्महिंसा तथैव च" यातल्या एकाही जागी नाही.

मग लोक फसतात कसे? कारण तुकडा बनवणाऱ्याचा कान चांगला होता. अनुष्टुभ छंदात एका चरणात आठ अक्षरं असतात. अ-हिं-सा-प-र-मो-ध-र्मः, आठ. ध-र्म-हिं-सा-त-थै-व-च, तीही आठ, आणि लघु-गुरूही बरोबर बसतात. "तथैव च" हे तर जागा भरायला नेहमी वापरलं जाणारं शब्दांचं जोडपं. म्हणजे छंदाची परीक्षा हा तुकडा आरामात पास होतो, त्यावरून खरं-खोटं कळणार नाही. गंमत म्हणजे "धर्महिंसा" या समासाचा साधा अर्थ "धर्माची हिंसा" असाही होतो! तसा घेतला तर श्लोक भलतंच काहीतरी सांगू लागतो. बहुतेक मेसेजमध्ये "धर्म हिंसा" असं तोडून लिहिलेलं असतं, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि गांधीजींनी अर्धा कापला म्हणावं, तर हेच वाक्य जैन मंदिरांवर, एवढंच, कोरलेलं तुम्ही पाहिलं असेल.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. युद्ध, दंड, रक्षण यावर बोलायचं असेल तर महाभारतात खराखुरा मजकूर भरपूर आहे. तो सापच बघा ना, अहिंसा सांगता सांगता क्षत्रियाचं काम वेगळं काढून ठेवतो. पण तिथे कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी बोलतोय याची अट सोबत येते. बनवलेल्या आठ अक्षरांत ती अट नाही, म्हणून तो तुकडा कुणालाही, कशासाठीही वापरता येतो.

हे सगळं मी ग्रुपवर तीन भागांत टाकलं. सापाची गोष्ट आवडली लोकांना. काका मात्र दुसऱ्या दिवशी गाडीत म्हणाले, "उद्या म्हणशील, आमचं अंबरनाथचं शिवमंदिरही पांडवांनी एका रात्रीत बांधलं नाही!"

मी म्हटलं, काका, देवळातच शिलालेख आहे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060, शिलाहार राजा मुम्मुणी. रविवारी या, दोघं जाऊन बघू.

"सकाळी लवकर चल मग," ते म्हणाले. "नंतर रांग असते."