कोर्ट मॅरेज, तीस दिवस आणि हजार रुपये

चंद्रपूर-गडचिरोलीकडे दोन वेगळ्या धर्मांच्या पोरापोरींनी लग्न ठरवलं की घरातला शहाणा माणूस हमखास म्हणतो, "कोर्ट मॅरेज करून टाका, एका दिवसात होते." मी गेली काही वर्षं अशा जोडप्यांचे कागद पाहतो, म्हणून सांगतो. हे लग्न कोर्टात होत नाही आणि एका दिवसात तर मुळीच होत नाही. ते होतं जिल्ह्याच्या ठिकाणी, विवाह अधिकाऱ्यापुढे, आणि त्याआधी महिनाभर तुमची नावं त्या ऑफिसात टांगलेली असतात. हा महिना आला कुठून, याची गोष्ट दीडशे वर्षांची आहे.

१८७२ साली इंग्रज सरकारने तिसरा कायदा केला. मागणी होती बंगालच्या ब्राह्मो समाजाची, पुढारी केशवचंद्र सेन. त्यांना मूर्तीशिवाय, जुन्या विधींशिवाय लग्न लावायचं होतं आणि ते कायदेशीर ठरावं अशी हमी हवी होती. हेन्री मेन यांचा आधीचा मसुदा बराच मोकळा होता. त्याला विरोध झाला आणि शेवटी जो कायदा आला त्यात एक विचित्र अट बसली. वधूवरांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. म्हणजे लग्न करायचं तर आधी दोघांनी आपापल्या धर्मावर पाणी सोडायचं! नोटिशीची मुदत तेव्हा १४ दिवस होती. खोडसाळ आक्षेप घेणाऱ्याला कोर्ट १००० रुपयांपर्यंत दंड करू शकत होतं. हा आकडा लक्षात ठेवा.

पुढची दुरुस्ती आपल्या भागाशी जोडलेल्या माणसाने केली. डॉ. हरिसिंग गौर, जन्म सागरचा, नागपुरात गाजलेले बॅरिस्टर. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात. १९२३ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात, धर्म न नाकारता, या कायद्याखाली लग्न करता येऊ लागलं. पण सनातन्यांनी किंमत वसूल केली. असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरायचं, त्याला दत्तक घेता येणार नाही, आणि दुसरा मुलगा नसेल तर त्याच्या बापाला नवा मुलगा दत्तक घेता येईल. पोरगा जिवंत, पण कायद्याच्या नजरेत घरातून गेलेला. डॉ. आंबेडकरांचं १५ एप्रिल १९४८ चं दिल्लीतलं दुसरं लग्न याच कायद्याखाली नोंदणी पद्धतीने झालं.

हिंदू-मुसलमान जोडप्याला मात्र १९२३ नेही काही दिलं नाही. त्यांच्यासाठी दार उघडलं ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने, जो १ जानेवारी १९५५ पासून लागू झाला. आता धर्म सोडायचा नाही, बदलायचा नाही, ज्याचा त्याचा त्याच्याजवळ. पण एका हाताने हे देताना दुसऱ्या हाताने नोटिशीचे १४ दिवस ३० केले. माझा सगळा राग त्या १६ दिवसांवर आहे.

उदाहरणाने पाहू. समजा मुलगा बल्लारपूरचा मुसलमान, मुलगी अहेरीची हिंदू. दोघांपैकी एकाने नोटीस देण्यापूर्वी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. मुलगा चंद्रपूर जिल्ह्यातलाच, म्हणून नोटीस चंद्रपूरला. सोबत दोघांचे वयाचे पुरावे (जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण), राहण्याचे पुरावे, फोटो. आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यूदाखला. अडतं ते बहुतेक नावावर. दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शेक', कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. हे आधी दुरुस्त करा, नाहीतर खेपा सुरू.

नोटीस २ जूनला दिली आणि त्याच दिवशी लागली असं धरू. मुलगी कायम राहणारी अहेरीची, म्हणून तिची एक प्रत गडचिरोलीच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. अहेरी तिथून शंभर किलोमीटरच्या वर. पण हल्ली अंतराने काय होतं? कोणीतरी मोबाईलवर फोटो काढतो आणि संध्याकाळी तो गावात असतो. कायद्याने नोटीस बुक कोणीही फुकट पाहू शकतो. मात्र ती घरी पाठवा असं कायद्यात कुठेही नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये घरी पाठवण्याच्या प्रथेला चूकच ठरवलं.

आक्षेप कोणीही घेऊ शकतो, पण कारणं चारच: आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे, मनाच्या आजारामुळे संमती देता येण्यासारखी अवस्था नाही, वय कमी आहे, किंवा वर्ज्य नातं आहे. धर्म वेगळा आहे, बापाला मान्य नाही, गावात ताण होईल, हे आक्षेपच नव्हेत. आक्षेप पुस्तकात लिहिला जातो, वाचून दाखवला जातो आणि घेणाऱ्याची सही होते. सही म्हटली की बरेच मागे सरतात.

समजा १ जुलैला कोणी आक्षेप टाकलाच. अधिकाऱ्याने ३० दिवसांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, निकाल द्यायचा. फेटाळला तर लग्न लागतं. मान्य केला तर जोडप्याने ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करायचं. हे अपील फक्त वधूवरांना आहे. पण खरी मेख पुढे आहे. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद. अपील झालं असेल तर तीन महिने कोर्टाच्या निकालापासून मोजतात. पण चौकशीच लांबत गेली तर २ सप्टेंबर उलटतो आणि पुन्हा पहिल्यापासून नोटीस, पुन्हा तीस दिवस. म्हणून आक्षेप आला की तारखेसह लेखी अर्ज देऊन निकाल मागत राहायचं.

आणि खोटा आक्षेप घेणाऱ्याला भुर्दंड किती? आजही जास्तीत जास्त १००० रुपये. १८७२ मध्ये हजार म्हणजे केवढी रक्कम, आणि आज?

या महिन्याला घाबरून जोडपी काय करतात तेही पाहिलंय. दोघांपैकी एकजण धर्म बदलतो आणि निकाह किंवा वैदिक विवाह त्याच दिवशी उरकतो. म्हणजे धर्म बदलावा लागू नये म्हणून केलेला कायदाच माणसाला धर्मांतराकडे ढकलतो. अलाहाबाद हायकोर्टाने १२ जानेवारी २०२१ ला नेमकं हेच ओळखून नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. पण तो निकाल उत्तर प्रदेशचा, आपल्या ऑफिसला बांधील नाही. आपल्याकडे उलट डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरधर्मीय लग्नांची माहिती घेणारी समितीच नेमली.

मालमत्तेचंही विचारून घ्या. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीमुळे आपल्याकडे बौद्ध घरं भरपूर. बौद्ध-हिंदू जोडप्याने या कायद्याखाली लग्न केलं तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे वारसा पूर्वीसारखाच राहतो. हिंदू किंवा बौद्ध माणसाने मुसलमान वा ख्रिस्ती जोडीदार केला तर मात्र तो एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरतात आणि पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो. गौरांच्या काळची ती किंमत एवढी उरली आहे.

धमकी असेल तर नोटीस देण्याआधीच पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांना संरक्षण आणि जिल्ह्यात सुरक्षित निवारा द्यायला सांगितलं आहे. त्या अर्जाची पोच जपून ठेवा.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार, त्यांची ओळखपत्रं, सगळ्यांच्या सह्या. नंतर दोघांनी एकमेकांना नवरा किंवा बायको म्हणून स्वीकारतो असं तोंडाने म्हणायचं, दोघांना समजेल त्या भाषेत. मराठीच पाहिजे असं नाही. सिरोंच्याची मुलगी तेलुगूत म्हणू शकते, भामरागडचा मुलगा माडियात.