वाढीचे दुखणे: एका चुकीच्या नावाची दोनशे वर्षे

रात्रीचे दहा-अकरा वाजलेले असतात. दिवसभर अंगणात हुंदडलेले सहा-सात वर्षांचे मूल झोपेतून उठून रडू लागते. "अम्मी, पाय दुखतोय." कुठे दुखतोय विचारले तर ते कधी पोटरीवर हात ठेवते, कधी नडगीवर, कधी गुडघ्याच्या मागे. नानी उठते, तेलाची वाटी घेते, अर्धा तास पाय दाबते. मूल झोपी जाते आणि सकाळी काही झालेच नाही अशा थाटात शाळेत पळते. घरातले कोणी तरी म्हणते, "उंची वाढतेय, म्हणून दुखतंय."

हे वाक्य आपल्याकडे इतके मुरले आहे की ते आजीबाईंचे असावे असे वाटते. छापील वैद्यकात मात्र त्याचा माग 1823 पर्यंत जातो. मार्सेल द्युशां नावाच्या फ्रेंच वैद्याने त्या वर्षी वाढीच्या वयातल्या आजारांवर लिहिले आणि मुलांच्या पायदुखीचा संबंध वाढीशी जोडला. (मुतारीचे भांडे कलाकृती म्हणून मांडणारा द्युशां तो वेगळा, तो पुढच्या शतकातला.) वाढ होते आहे आणि दुखते आहे, दोन्ही एकाच वयात, तेव्हा एकामुळे दुसरे, असा हा सरळ तर्क होता. हिशोब कोणी केला नाही.

तो हिशोब आपण करून पाहू. मूल पहिल्या वर्षात सुमारे 25 सेंटिमीटर वाढते. पुढे वेग मंदावतो आणि चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत तो वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर स्थिरावतो. वयात येताना पुन्हा उसळी येते, मुलगे तर एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर ताडमाड होतात. वाढल्यामुळे दुखत असते तर सर्वांत जास्त आक्रोश पाळण्यात आणि नववी-दहावीच्या वर्गात ऐकू आला असता. रात्रीची ही पायदुखी मात्र येते साधारण तीन ते बारा या वयात, म्हणजे वाढीच्या सर्वांत शांत काळात. शिवाय हातही वाढतातच की. ते सहसा दुखत नाहीत.

नाव चुकीचे असले तरी निरुपद्रवी होते. "वाढतोय" म्हणून घरचे निश्चिंत राहत. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या निश्चिंतीची भीतीदायक बाजू पुढे आली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर वॉल्टर चीडल यांची लहान मुलांतल्या संधिवाताच्या तापावरची व्याख्याने 1889 साली छापली गेली. मोठ्या माणसात हा आजार सुजलेल्या, लालबुंद सांध्यांनी ओळखू येतो. मुलांत सांध्यांचा त्रास कधी इतका किरकोळ असतो की त्याकडे लक्षच जात नाही, आणि तेवढ्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. मग ज्याला घरात वाढीचे दुखणे म्हटले गेले ते संधिवाताचे पहिले पाऊल असू शकते, हा इशारा त्या काळाला रास्तच होता. पेनिसिलिन यायला अजून अर्धे शतक होते आणि अशी मुले तरुणपणीच हृदय निकामी होऊन मरत.

इशाऱ्याचा नियम झाला की काय होते ते पुढच्या चाळीस वर्षांत दिसले. 1907 च्या कायद्यानंतर इंग्लंडच्या शाळांत मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. पाय दुखतात म्हणणारी मुले आता एकदम डॉक्टरांच्या नजरेत आली, आणि त्यांतली बरीच संधिवाताच्या संशयाखाली गेली. संधिवाताच्या तापावर तेव्हा खात्रीचा उपाय एकच मानला जाई, अंथरुणातली विश्रांती, आणि तीही काही आठवडे ते काही महिने. ज्याचे हृदय खरोखर सुजले आहे त्याला विश्रांती देणे समजू शकते. पण दिवसभर खेळून रात्री पोटऱ्या दुखणाऱ्या मुलाला शाळा आणि खेळ सोडवून पलंगावर खिळवणे, आणि आईच्या डोक्यात "याचे हृदय कमजोर आहे" हे कायमचे बसवणे, ही शिक्षाच होती.

1930 च्या दशकात जॉन हॉक्सली या ब्रिटिश डॉक्टरांनी हा गुंता सोडवायला घेतला. त्यांनी पाय दुखणारी मुले नीट तपासून दोन चित्रे वेगळी केली. एका चित्रात दुखणे स्नायूंत, दोन्ही पायांत, दिवस संपताना येणारे. दुसऱ्यात दुखणे सांध्यात, मूल आजारी, ताप, वजन घटलेले. पुढे 1951 साली ब्रिस्टलचे नेश आणि अ‍ॅप्ली यांनी शाळकरी मुले तपासून एक व्याख्या बांधली, आणि ती अजूनही कामाची आहे: दुखणे किमान तीन महिने अधूनमधून येणारे हवे, ते खास सांध्यात नको, आणि झोप किंवा खेळ मोडण्याइतके ते खरे हवे. या तिसऱ्या अटीचे मला विशेष वाटते. मूल नाटक करत नाही, हे त्यात मान्य केलेले आहे.

युरोपात हा वाद संग्रहालयात गेला, कारण तिथे संधिवाताचा तापच जवळजवळ संपला. आपल्याकडे तो संपलेला नाही. दाट वस्तीत, एका खोलीत सहा-सात जण झोपणाऱ्या घरांत, घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूला वाट सोपी असते. म्हणून चीडल यांचा इशारा इथे अजून खरा आहे, आणि त्या इशाऱ्याचा अतिरेकही इथे अजून चालू आहे. त्याचे आजचे रूप आहे एएसओ नावाची रक्ततपासणी.

टॉड यांनी 1932 साली शोधलेली ही तपासणी एवढेच सांगते की या शरीराची गेल्या काही महिन्यांत स्ट्रेप्टोकॉकसशी गाठ पडली होती. शाळेत जाणाऱ्या मुलाची ती पडतेच. प्रयोगशाळेच्या कागदावर मर्यादा बहुधा 200 छापलेली असते, आणि धडधाकट शाळकरी मुलांतही आकडा त्याच्या वर सापडतो.

आमच्या नात्यातल्या एका आठ वर्षांच्या मुलीचे उदाहरण घ्या. वजन 24 किलो. चार महिने, आठवड्यातून एक-दोन रात्री दोन्ही पोटऱ्या दुखत. ताप नाही, सूज नाही, सकाळी दोरीवरच्या उड्या. एएसओ केली, 400 आली. "संधिवात आहे, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, अठरा वर्षांची होईपर्यंत," असे सांगण्यात आले. वर्षाला सतरा इंजेक्शने धरली तर दहा वर्षांत एकशे सत्तर, आणि तीही दुखरी.

घरच्यांनी पहिल्या इंजेक्शनआधी बालरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घेतले, हे बरे झाले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारले. दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते का? गुडघा किंवा घोटा कधी सुजला, गरम लागला, हात लावू देईनासा झाला का? घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी ताप आला का? धाप लागते का? सगळ्याला उत्तर नाही. पाय दाबलेला आवडतो का? हो, तीच मागते. हा शेवटचा प्रश्न साधा दिसतो पण मोलाचा आहे, कारण सुजलेल्या सांध्याचे मूल हात लावू देत नाही. त्यांनी सांधे एकेक वाकवून पाहिले, हृदय ऐकले, खात्रीसाठी इको करून घेतला. झडपा स्वच्छ होत्या. इंजेक्शन रद्द झाले. (ज्या मुलाला संधिवाताचा ताप खरोखर होऊन गेला आहे, त्याचे इंजेक्शन मात्र एकदाही चुकवू नये. तिथे ते हृदय वाचवते. हा लेख वाचून कोणी ते परस्पर बंद करू नये.)

मग दुखते तरी कशाने? डेन्मार्कच्या रँडर्स गावात ऑस्टर आणि नील्सन यांनी शाळेतली दोन हजारांहून अधिक मुले तपासली, 1972 साली निष्कर्ष छापले. शंभरातल्या पंधरांना हे दुखणे होते आणि वाढीच्या वेगाशी त्याचे नाते जुळले नाही. काही मुलांचे पोट आणि डोकेही अधूनमधून दुखते, असेही ऑस्टर यांना दिसले. पुढच्या अभ्यासकांना अशा मुलांत वेदना लवकर जाणवण्याची प्रवृत्ती आढळली. दिवसभराचा ताण आणि हळवे शरीर, इथपर्यंत आज बोट ठेवता येते. पक्के कारण हाती लागलेले नाही, आणि नाव जुनेच चालू आहे.

उपायांत नानी बऱ्यापैकी बरोबर निघाली. घोट्याकडून गुडघ्याकडे दहा मिनिटे हलक्या हाताने चोळणे. कोणते तेल, याने फरक पडत नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे. आपल्या मनगटाला सोसेल तेवढीच ती गरम हवी आणि मूल झोपले की काढून घ्यावी, कारण झोपेत भाजलेले कळत नाही. यात भर घातली ती कॅनडाच्या बॅक्स्टर आणि डुलबर्ग यांनी 1988 साली: त्यांनी आईबापांना रोज सकाळ-संध्याकाळ मुलांच्या पायाचे स्नायू ताणायला शिकवले, आणि त्या मुलांचे दुखणे इतरांपेक्षा लवकर थांबले. मुले मोजकीच होती, म्हणून फार मोठा दावा करू नये, पण खर्च काहीच नाही. मुलाला उताणे झोपवा, गुडघा सरळ ठेवा, टाच तळहातात धरा आणि पाऊल हळूच नडगीकडे दाबा, वीस आकडे मोजेपर्यंत. मग पाय सरळच ठेवून वर उचला, मांडीच्या मागे ताण जाणवेल तिथे थांबा. शेवटी पालथे झोपवून टाच कुल्ल्याकडे न्या. प्रत्येक तीनदा, दोन्ही पायांना. ताण जाणवावा, दुखू नये.

फारच दुखत असेल त्या रात्री पॅरासिटामॉलचा एक डोस चालतो, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. त्या 24 किलोच्या मुलीला 240 ते 360. बाटलीवर पाच मिलिलिटरमध्ये 250 लिहिले असेल तर पाच मिलिलिटर पुरे. बाटल्या दोन-तीन ताकदीच्या मिळतात, म्हणून लेबल वाचूनच मोजावे. अ‍ॅस्पिरिन मुलांना स्वतःहून देऊ नये. आणि रोज रात्री औषध लागत असेल, तर ते हे दुखणे नसावे.

डॉक्टरांकडे न्यायचे ते केव्हा? नेहमी एकच पाय, त्यातही एकच जागा दुखते आहे. मूल सकाळीही लंगडते आहे. सांधा सुजला आहे. ताप, वजन घटणे, चेहरा पांढुरका पडणे किंवा कारण नसताना अंगावर निळे-काळे डाग दिसत आहेत. हाडाच्या गाठी आणि रक्ताचा कर्करोगही रात्रीच्या पायदुखीने सुरू होऊ शकतात, फार क्वचित; पण दोन्ही पाय आलटून पालटून दुखणारे, सकाळी पळणारे मूल सहसा त्यात नसते.

ती मुलगी आता दहा वर्षांची आहे. पाय महिन्यातून एखाद्या रात्री दुखतात, जास्त करून शाळेत खेळाचा तास झालेल्या दिवशी. ताणाचे तिन्ही प्रकार ती आता स्वतःच करते, आणि आकडे मोजायला धाकट्या भावाला बसवते.