दोन डोळे, एक भिंग : फोटोतला सूक्ष्मदर्शक ओळखताना

मागच्या व्याख्यानात आपण जुन्या शाळांची दप्तरं पाहिली. आज फोटोकडे वळू या. सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

एका शाळेच्या जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं आणि फोटोंखालच्या ओळी लिहिण्याचं काम आमच्याकडे होतं. त्यात विज्ञानखोलीचा एक कृष्णधवल फोटो होता. मागे तारीख नाही, नावं नाहीत. टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक. डावीकडच्याला डोळा लावायची एक नळी, उजवीकडच्याला दोन. आम्ही बिनधास्त लिहून टाकलं : "डावीकडे संयुक्त, उजवीकडे विच्छेदनासाठीचा स्टिरिओ." पाटी लागली. प्रयोगशाळेत अनेक वर्षं काम केलेले एक निवृत्त परिचर आले, थोडा वेळ फोटो पाहिला आणि म्हणाले, "साहेब, दोन्ही संयुक्तच आहेत. तुम्ही वरून बघितलंत, खालून बघा."

हे "खालून बघा" म्हणजे काय, तेच आज समजून घेऊ.

आधी डावीकडचं यंत्र. तळाशी घोड्याच्या नालासारखा पाया. त्यावर वाकडी भुजा, म्हणजे यंत्र उचलताना हाताने धरायचा भाग. भुजेला मंच जोडलेला, त्याच्या मध्यभागी भोक आणि काचपट्टी धरायला दोन क्लिपा. मंचाखाली आरसा, खिडकीतला उजेड भोकातून वर पाठवणारा. वर नळी. नळीच्या वरच्या टोकाला नेत्रिका, खालच्या टोकाला फिरती चकती आणि चकतीत कमीजास्त लांबीची पदार्थभिंगं. बाजूला मोठा स्क्रू नळी झपाट्याने खालीवर करण्यासाठी, आणि छोटा स्क्रू केसभर सरकवण्यासाठी. पदार्थभिंग मोठी प्रतिमा तयार करतं आणि नेत्रिका ती आणखी मोठी करून दाखवते. भिंगांच्या या दोन टप्प्यांमुळे त्याला 'संयुक्त' म्हणायचं. शाळेत १०x ची नेत्रिका आणि ४५x चं पदार्थभिंग असेल, तर गुणाकार ४५०.

इथवर वाद नाही. घोटाळा उजवीकडच्या यंत्रात होता, आणि तो समजायला थोडा इतिहास लागतो.

दोन डोळ्यांनी पाहायची हौस जुनी आहे. १८६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनहॅम यांनी एकाच पदार्थभिंगामागे छोटा लोलक बसवला आणि भिंगातून येणारा अर्धा प्रकाश दुसऱ्या नळीत वळवला. ती यंत्रं लगेच ओळखू येतात : एक नळी सरळ आणि दुसरी तिच्यापासून तिरकी निघालेली.

पुढचं पाऊल होरेशिओ ग्रीनो या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाचं. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बारीक जीव हाताळायचे होते. संयुक्त सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी दिसते. सुई उजवीकडे नेली की ती डावीकडे जाताना दिसते. अशा वेळी कापाकापी कशी करणार? १८९० च्या दशकात त्यांनी जर्मनीतल्या येना इथल्या झाइस कारखान्यापुढे कल्पना मांडली आणि तिथे झीगफ्रीड चापस्की यांनी ती प्रत्यक्षात आणली. एका यंत्रात दोन पूर्ण सूक्ष्मदर्शक, एकमेकांकडे किंचित कललेले, प्रत्येक डोळ्याला स्वतःचं पदार्थभिंग आणि प्रतिमा सुलटी करायला लोलक. दोन डोळे वस्तूला दोन वेगळ्या कोनांतून पाहतात, म्हणून खोली कळते. 'स्टिरिओ' या शब्दाचा अर्थ इथे आहे.

आता आमची चूक कुठे झाली ते पाहा. १९१३ मध्ये लाइट्झ कंपनीसाठी फेलिक्स येंच यांनी वेगळाच द्विनेत्री माथा तयार केला. पदार्थभिंग एकच. त्यातून आलेला प्रकाश लोलकाने दोन भागांत वाटून दोन नेत्रिकांत पाठवलेला. दोन्ही डोळ्यांना चित्र तेच, कोन तोच. एका डोळ्याने तासन्‌तास पाहण्याचा शीण गेला, पण खोली काही मिळाली नाही. असं यंत्र द्विनेत्री आहे, तरीही संयुक्तच आहे. म्हणजे नेत्रिका मोजून प्रकार ठरत नाही.

मग ठरवायचा कशावरून? आम्ही परिचरांसोबत भिंग घेऊन फोटोकडे पुन्हा बसलो. पहिली खूण, नेत्रिकांच्या खाली काय आहे. उजवीकडच्या यंत्रात दोन्ही नळ्या एका माथ्यात शिरत होत्या आणि खाली फिरती चकती होती, तिच्यात तीन भिंगं, तिन्ही वेगळ्या लांबीची. दुसरी खूण, भिंग आणि मंच यांतलं अंतर. संयुक्तात मोठ्या क्षमतेचं भिंग काचपट्टीला जवळजवळ टेकतं, फट मिलिमीटरभरही नसते. स्टिरिओत तिथे हात आणि चिमटा शिरेल एवढी मोकळी जागा लागते, बरेचदा आठ-दहा सेंटिमीटर. आमच्या फोटोत फट दिसतच नव्हती. तिसरी खूण, मंचाखाली. तिथे प्रकाश एकवटणारं संग्राहक भिंग आणि आरसा होता, म्हणजे प्रकाश वस्तूच्या आरपार जाणार. वस्तू पातळ, काचपट्टीवरची. स्टिरिओत बहुधा नुसती काळी-पांढरी तबकडी किंवा काच असते आणि उजेड वरून पडतो. चौथी खूण, स्क्रू. स्टिरिओ वीस-चाळीस पटच मोठं दाखवतो, त्यामुळे त्याला बारीक स्क्रूची गरज नसते. इथे मोठा आणि छोटा, दोन्ही होते.

चारही खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. पाटी बदलली.

पण एकाच खुणेवर विसंबू नका. ग्रीनो पद्धतीच्या यंत्राचा फोटो बाजूने काढला, तर दोन पदार्थभिंगं एकमेकांआड जाऊन एकच वाटतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या काही स्टिरिओंत खाली खरोखरच एक मोठं भिंग असतं, जसं अमेरिकन ऑप्टिकलच्या १९५७ च्या सायक्लोप्टिकमध्ये. त्या एका भिंगाच्या दोन बाजूंतून प्रकाशाच्या दोन वेगळ्या वाटा जातात, म्हणून ते स्टिरिओच. आरसाही काही स्टिरिओंना असतो. तेव्हा प्रश्न असा विचारायचा : वस्तूपासून डोळ्यांपर्यंत प्रकाशाच्या वाटा एक की दोन? फोटोत वाटा दिसत नाहीत, म्हणून मंच, अंतर, चकती आणि स्क्रू यांची साक्ष एकत्र काढायची.

या दुरुस्तीतून आणखी दोन गोष्टी हाती लागल्या. द्विनेत्री माथा असा असेल, तर फोटो १९१३ च्या आधीचा असू शकत नाही. आम्ही तर तो शाळेच्या स्थापनेच्या काळातला, एकोणिसाव्या शतकातला धरून बसलो होतो. आणि दुसरी गोष्ट परिचरांनीच दाखवली. टेबलाच्या कोपऱ्यात, आम्हाला दिवा वाटलेली एक बुटकी वस्तू होती. छोटा खांब, त्यावर आडवी दांडी, दांडीच्या टोकाला एकच भिंग, खाली काचेचा मंच. तो साधा विच्छेदन सूक्ष्मदर्शक. नळी नाही, भिंगांचा दुसरा टप्पा नाही, त्यामुळे तो संयुक्तही नव्हे आणि स्टिरिओही नव्हे. एका भिंगातून प्रतिमा सुलटीच दिसते, म्हणून सुई हातात धरून त्याखाली काम जमतं. त्या शाळेत विच्छेदन होत असेल, तर ते याच्याखाली. आम्ही ज्याला विच्छेदनाचं यंत्र म्हणत होतो, त्याखाली नव्हे.

नवी पाटी आता तिन्ही यंत्रांची नावं सांगते, आणि तारखेच्या जागी लिहिलं आहे : "१९१३ नंतर."